तिकिटावर नुसतं "नेट बंद" लिहून येतंय? नवीन पोरांना शिकवलेले ७ प्रश्न

सोलापुरात आमचं छोटंसं फायबर ब्रॉडबँडचं काम आहे. फोन घ्यायला पाच जण, बाहेर लाईनवर सहा जण. यंदा गड्ड्याची जत्रा संपल्यावर सपोर्टला तीन नवीन पोरं घेतली आणि पंधरा दिवसांत लाईनवाले माझ्या टेबलासमोर येऊन उभे. तक्रार एकच, पोरं गिऱ्हाइकाची तक्रार लिहून देतात त्या तिकिटावर काहीच नसतंय. "नेट बंद. अर्जंट." झालं. हे वाचून माणूस जुळे सोलापुरातनं अशोक चौकात जातो, दारात उभं राहून गिऱ्हाइकाला फोन लावतो आणि पोरानं जे विचारायला पाहिजे होतं ते पहिल्यापासनं विचारतो. गिऱ्हाईक आधीच तापलेलं, वर म्हणतंय "अहो सगळं सांगितलंय की हापिसात".

आणि खरंच सांगितलेलं असतंय हो. रेकॉर्डिंग ऐकलं तर चार मिनिटं बोलणं झालेलं आहे, पोरगं "हो काका, हो काका" म्हणतंय, काकांनी दुकानाचा रंग, जावयाचा लॅपटॉप, मागच्या वेळचा माणूस कसा उद्धट होता, सगळं सांगितलंय. पण लाईनवाल्याला लागणारी गोष्ट त्यात एकच होती आणि ती कुणी लिहूनच घेतली नाही.

आधी मला वाटलं पोरं आळशी आहेत. म्हणून २२ प्रश्नांचा फॉर्म केला, सगळे रकाने सक्तीचे. ही माझी चूक. फॉर्म सक्तीचा केला की पोरं तो भरतात, विचारत नाहीत. प्लॅन कुठला, घरातल्या नेटच्या डब्याचा मॉडेल नंबर काय, मोबाईल कुठल्या कंपनीचा, सगळं जनगणनेसारखं वाचत सुटायचं, सातव्या प्रश्नाला समोरचा फोन ठेवायचा आणि उरलेल्या १५ रकान्यांत पोरगं "NA" टाकायचं. तिकीट आता लांबलचक झालं पण कामाचं तेवढंच.

मग उलटीकडनं सुरुवात केली. आमच्या सगळ्यात जुन्या लाईनवाल्याला बसवलं आणि विचारलं, बाबा, तू निघताना पिशवीत काय घालायचं हे कशावरनं ठरवतोस? तो म्हणला चारच प्रकार आहेत. बाहेरची वायर तुटली असेल तर स्प्लायसिंग मशीन आणि शिडी. घरातली पिवळी पॅचकॉर्ड दुमडली किंवा उंदरानं खाल्ली असेल तर नवीन पॅचकॉर्ड. डबाच मेला असेल तर अडॅप्टर नाहीतर नवीन डबा. आणि नुसतं कॉम्प्युटरच्या वायरचं असेल तर क्रिम्पिंग टूल आणि दोन कनेक्टर, किंवा जायचीच गरज नाही, फोनवर होतंय. मग फॉर्म सोडून एक कार्ड करायचं ठरवलं आणि त्यावरचा प्रश्न तोच, ज्याच्या उत्तरानं पिशवी बदलते, नाहीतर जायची वेळ बदलते. बाकी सगळं खोडायचं. आणि आपल्याच स्क्रीनवर जे दिसतंय ते गिऱ्हाइकाला विचारायचंच नाही. प्लॅन दिसतोय, मुदत कधी संपते दिसतंय, डब्याला सिग्नल किती पोचतोय दिसतंय, डबा शेवटचा कशानं बंद पडला तेही दिसतंय. वीज गेली म्हणून डबा बंद पडला तर मरता मरता तो एक निरोप पाठवतो, स्क्रीनवर `dying-gasp` असं येतं. वायर तुटली तर असा निरोप यायला वाटच नसते, तिथं LOS चं, म्हणजे उजेड तुटल्याचं, कारण येतं. एवढं बघितलं तरी "तुमच्याकडं लाईट आहे का" हा प्रश्न निम्म्या वेळा वाचतो.

खोडता खोडता सात उरले. कार्डावर छापलेत ते असे, बोलायच्याच भाषेत:

१. कनेक्शन कुठल्या जागेचं आहे, आणि तुम्ही आत्ता तिथंच आहात का?
२. काय करत होता आणि काय झालं?
३. शेवटचं नीट कधी चाललं होतं?
४. डब्याला हात न लावता, डावीकडनं एकेक लाईट वाचून सांगा.
५. सगळ्यांचंच बंद आहे का एकाचंच?
६. त्याच्या आधी तिथं काही हललं, बदललं का?
७. माणूस आला तर घरी कोण असेल, कुठला नंबर, किती वाजता?

आणि शेवटी सगळं परत वाचून दाखवायचं. एवढंच. तीन मिनिटांत होतं.

आता हे कार्ड हातात दिलं म्हणजे काम झालं असं वाटलं होतं, पण खरी गंमत पुढंच आहे, कारण प्रश्न बरोबर असला तरी विचारायची पद्धत चुकली की उत्तर खोटं येतं.

सगळ्यात जास्त घोळ चौथ्या प्रश्नात. नवीन पोरगं काय करतं, "डब्यावर लाल लाईट लागलीय का?" असं विचारतं. समोरचे काका वैतागलेले, त्यांना माणूस पाठवून हवाय, ते म्हणतात "हो हो लागलीय". मग तिकिटावर "LOS लाल" लिहिलं जातं, माणूस भर एप्रिलच्या दुपारी मशीन आणि शिडी घेऊन जातो, तिथं लाल काहीच नाही, लाल दिसत होती ती शेजारच्या टीव्हीच्या सेटटॉप बॉक्सवरची. म्हणून रंगाचं नाव आपण आधी काढायचंच नाही. त्यांच्या तोंडनं येऊ द्यायचं. "पहिल्या लाईटखाली काय लिहिलंय? ती पेटलीय का, कुठल्या रंगाची, स्थिर आहे का लुकलुकतीय?" मग पुढची. LOS लाल असेल तर डब्यापर्यंत उजेडच पोचत नाही, म्हणजे काम वायरचं. PON नुसती लुकलुकत असेल तर डबा आमच्या यंत्राशी जुळायचा प्रयत्न करतोय पण जुळंना, तिथं एकदा सिग्नल बघायचा. PON हिरवी स्थिर आणि LOS बंद म्हणजे बाहेरची वायर ठीक, मग भांडण घरातच आहे किंवा लॉगिनचं आहे. ही तीन चित्रं पोरांना पाठ असली तरी पुरे, बाकी लाईटी मॉडेलप्रमाणं बदलतात.

"हात न लावता" हे शब्द मुद्दाम आहेत. आधी आमची पोरं फोन उचलल्या उचलल्या "एकदा बंद करून चालू करा" म्हणायची. कधीकधी त्यानं चालूही होतं, नाही असं नाही. पण डबा बंद केला की त्याच्या तोंडावरचा पुरावा गेला. अर्ध्या तासानं परत बंद पडतं आणि आता कुणालाच माहीत नाही की पहिल्यांदा काय दिसत होतं. आधी वाचून लिहायचं, मग खुशाल बंद-चालू करायला सांगायचं, आणि त्यानंतर काय दिसलं तेही दुसऱ्या ओळीत लिहायचं.

काहींना वाचता येत नाही, काहींना चष्मा लागतो, त्यांना मोबाईलवर पाठवायला सांगायचं. पण फोटो नको, पाच सेकंदांचा व्हिडिओ. फोटोत लुकलुकणारी लाईट एक तर पेटलेली दिसते नाहीतर विझलेली, आणि आमच्या एका पोरानं असाच फोटो बघून "PON बंद" लिहिलं होतं. अर्थात ज्याचं घरचं नेट गेलंय आणि मोबाईलला डेटा नाही त्याला व्हिडिओ पाठवा म्हणणं म्हणजे चेष्टाच, तिथं तोंडीच विचारा.

पूर्व भागातनं येणारे फोन वेगळे. पाठीमागं यंत्रमाग चालू असतात, खटखट खटखट, पोरगं "काय? काय?" करतं आणि शेवटी अंदाजानं लिहितं. तिथं पहिलं वाक्य "अण्णा, जरा शेडच्या बाहेर येऊन बोला" आणि मग डब्याजवळ परत जायला सांगायचं तेव्हा फोन कुणाच्या तरी हातात द्यायला लावायचा. घरात तेलुगू बोलणारी म्हातारी माणसं असतात, त्यांना लाल म्हटलं तरी कळतं पण बोलताना ती "एर्र" म्हणणार. कन्नडमध्ये "केंपु". तेलुगूत "पच्च" म्हणजे हिरवं, पण पिवळ्यालाही पच्च म्हणणारे आहेत, तेव्हा "झाडाच्या पानासारखं का हळदीसारखं" असं विचारून घ्या. हे मला आमच्याच एका पद्मशाली पोरीनं शिकवलं, मी इतकी वर्षं सोलापुरात राहून माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

तिसऱ्या प्रश्नाचं बघा. आधी आम्ही "कधीपासून बंद आहे" असं विचारायचो. त्याला उत्तर येतं "आठ दिवस झाले". मराठीत आठ दिवस म्हणजे आठवडा, म्हणजे पाच पण आणि दहा पण. काही वेळा तर आठ दिवस म्हणजे नुसतं "लै झालं आता". शेवटचं नीट कधी चाललं विचारलं की माणूस आठवतो, "रविवारी पोरानं मॅच बघितली की". आता रविवार मिळाला. स्क्रीनवर रविवारनंतर काय झालं ते बघता येतं. तसंच परवा. परवा बंद पडलं आणि परवा माणूस पाठवा, दोन्ही परवाच. तिकिटावर परवा, उद्या, काल असं लिहायचंच नाही, वार आणि तारीख लिहायची. एकदा लाईनवाला तिकिटातला "परवा घरी आहेत" वाचून दोन दिवस उशिरा गेला, कारण तिकीट ज्या दिवशी लिहिलं त्या दिवशी त्यानं ते वाचलंच नव्हतं.

नंबरचं तर विचारू नका. समोरचा म्हणतो "एकोणसाठ", पोरगं इंग्रजी शाळेतलं, ते लिहितं ६९. साठच्या एक कमी म्हणजे ५९ हे त्याला बोलता बोलता सुचत नाही. सत्याऐंशी, अठ्ठ्याऐंशी यातही घोळच. उपाय साधा आहे, नंबर एकेक आकडा सुटा विचारायचा आणि सुटाच परत वाचायचा. "पाच, नऊ" असा. आणि ज्या नंबरवरनं फोन आला तोच घरच्याचा असं धरून चालायचं नाही. पुण्यातला मुलगा आई-वडिलांच्या विजापूर रोडच्या घराची तक्रार करतो, आपला माणूस दारात उभा राहून त्यालाच फोन लावतो, तो मीटिंगमध्ये. पहिल्या प्रश्नातलं "तुम्ही आत्ता तिथंच आहात का" हे त्यासाठीच आहे. नसतील तर जे तिथं आहेत त्यांचा नंबर घ्यायचा आणि त्यांनाच लाईटी विचारायच्या, पुण्यातल्या मुलाला विचारून उपयोग नाही, तो आठवून सांगणार.

आता एक खरी केस सांगतो, म्हणजे हे कशाला ते कळेल.

नवी पेठेजवळ शाळेचे युनिफॉर्म विकणारं एक दुकान आहे. मालकांचा फोन, "नेट बंद पडतंय". तिकीट: नेट बंद, अर्जंट. माणूस मशीन घेऊन गेला, दुपारी दोनची वेळ, सगळं चालू. LOS बंद, PON स्थिर, मोबाईलवर स्पीड बरोबर. "चेक केलं, ओके" लिहून तिकीट बंद केलं. दुसऱ्या दिवशी परत फोन, आवाज वाढलेला. परत माणूस गेला, परत दुपारचाच, यावेळी त्यानं बाहेरच्या खांबावरचा जोड उघडून परत केला, अर्धा दिवस गेला. तिसऱ्या दिवशी मालक म्हणले कनेक्शन काढून न्या.

तो तिसरा फोन नवीन पोरीनं घेतला, तिला कार्ड देऊन चारच दिवस झाले होते. आधी तिनं त्यांना बोलू दिलं, मधे तोंड घातलं नाही, साधारण अर्धा मिनिट. मग विचारलं, "काका, तुम्ही आत्ता दुकानातच आहात का?" नव्हते. घरी होते. तिन्ही फोन त्यांनी घरनंच केले होते, दुकानातली ताई त्यांना कळवायची आणि ते आम्हाला. म्हणजे दोन वेळा आम्ही ऐकीव तक्रारीवर मशीन पळवलं. तिनं दुकानाचा नंबर घेतला आणि काउंटरवरच्या ताईला फोन लावला.

"ताई, काय करत होता तेव्हा जातंय नेट?"

"बिल करताना."

"दर बिलाला का कधीतरी?"

"कधीतरी. म्हणजे बगा, रोख असलं की जातंय. ऑनलाईन पैसे दिले तर नाही जात."

इथं आमचं जुनं पोरगं असतं तर "बरं ताई, माणूस पाठवतो" म्हणून मोकळं झालं असतं. तिनं पुढं विचारलं, "रोख असलं की तुम्ही वेगळं काय करता?" ताई म्हणली, "काय नाही, गल्ला उघडतो की."

मग लाईटी. PON हिरवी स्थिर, LOS काही नाही, कॉम्प्युटरच्या वायरची LAN1 हिरवी लुकलुकतीय. तुमच्या मोबाईलवर वायफाय चालतंय का? चालतंय, नेहमीच चालतंय, फक्त कॉम्प्युटरचं जातंय. आधी काही हललं का? हो, गेल्या आठवड्यात रंग दिला, काउंटर या भिंतीवरनं त्या भिंतीला नेलं. शेवटी पोरीनं सांगितलं, फोन कानालाच धरा, डब्याकडं बघत गल्ला उघडा. उघडला. LAN1 विझली.

कॉम्प्युटरची वायर गल्ल्याच्या मागनं गेली होती, आणि तिच्या टोकाला जी प्लास्टिकची छोटी खटकी असते ती काउंटर हलवताना तुटली होती. गल्ला ओढला की वायर जराशी ओढली जायची, कनेक्टर किंचित मागं सरकायचा, नेट जायचं. दुपारी दोनला दुकानात गिऱ्हाईक नसायचं, गल्ला उघडायचाच नाही कुणी, म्हणून आमच्या माणसाला दोन्ही वेळा सगळं ओके दिसलं. त्याची काही चूक नव्हती. यावेळी तो मशीन न घेता क्रिम्पिंग टूल, एक कनेक्टर आणि चार क्लिपा घेऊन गेला, वायर भिंतीकडनं फिरवली, वीस मिनिटांत परत.

तिकिटावर पोरीनं काय लिहिलं होतं ते तसंच देतो, कारण नवीन पोरांना मी हेच दाखवतो: "नवी पेठ दुकान. मालक घरी, दुकानात ताई, नंबर वेगळा. फक्त बिलिंग कॉम्प्युटर, वायफाय ठीक. PON स्थिर, LOS बंद. गल्ला उघडला की LAN1 विझते, फोनवर करून बघितलं. गेल्या आठवड्यात काउंटर हलवलं. सकाळी ११ नंतर कधीही या." एवढ्यात सगळं आलं. "अर्जंट" हा शब्द नाही.

आता शिकवायचं कसं. व्याख्यान दिलं तर काही उपयोग होत नाही, मी देऊन बघितलंय. आम्ही असं करतो: जुना माणूस गिऱ्हाईक होतो, त्याच्या हातात एक चिठ्ठी, त्यावर केस लिहिलेली. त्याला नियम एकच, विचारलं तेवढंच सांगायचं, आपणहून काही नाही. नवीन पोरगं दुसऱ्या खोलीतनं खरोखर फोन लावतं, समोरासमोर नाही, कारण समोर बसलं की चेहऱ्यावरनं कळतं. तीन मिनिटं टायमर. मग त्यानं लिहिलेलं तिकीट अशा लाईनवाल्याला द्यायचं ज्यानं काही ऐकलेलं नाही आणि त्याला विचारायचं, पिशवीत काय घालशील? त्यानं सामानाचं नाव घेतलं तर पास. तो "आधी फोन करून बघतो" म्हणला तर तिकीट नापास, मग ते कितीही सुवाच्य असू दे. पोरांना हे लगेच लागतं, कारण नापास करणारा साहेब नसतो, रोज उन्हात जाणारा माणूस असतो. दिवसाला चार-पाच असे फोन, तीन दिवस, मग खरे फोन पण शेजारी जुना माणूस हेडफोन लावून.

एक जुगाड फार कामाला आला. प्रत्येक उत्तराला "विचारलं, त्यांना सांगता आलं नाही" असा पर्याय ठेवला. आधी रिकामा रकाना म्हणजे विचारलंच नाही का उत्तर नव्हतं हे कळायचं नाही, आणि ओरडा खायच्या भीतीनं पोरं मनानं काहीतरी भरायची. खोटं भरलेलं तिकीट रिकाम्यापेक्षा वाईट, कारण रिकामं बघून माणूस फोन तरी करतो.

हल्ली आणखी एक अडचण आहे, फसवणुकीच्या फोनांमुळं लोक कशालाच उत्तर देत नाहीत. घरी कोण आहे विचारलं की "तुम्हाला कशाला पाहिजे?" रास्तच आहे. म्हणून आपण उलटा फोन करत असू तर आधी त्यांच्या तक्रारीचा नंबर आपण सांगायचा आणि प्रश्नाचं कारण जोडायचं, "माणूस आला तर दार उघडायला कोण असेल?" ओटीपी आणि वायफायचा पासवर्ड कधीच मागायचा नाही, कितीही सोयीचं वाटलं तरी.

फरक पडला का हे बघायला दर शनिवारी कुठलीही २० तिकिटं काढतो आणि त्यातल्या किती जणांना लाईनवाल्याला परत फोन करावा लागला तेवढं मोजतो. कॉल किती मिनिटांचा झाला हे मोजणं सोडून दिलं, ते मोजायला लागलो की पोरं सहावा प्रश्न गाळतात, आणि रंगकाम, सामान हलवलं, उंदीर, नवीन टीव्ही हे सगळं त्या सहाव्यातच सापडतं.

कार्डात भर घाला म्हणून सगळेच मागं लागतात. अकाउंटवाल्याला बिलाची तारीख विचारून हवी होती, नाही घातली, पिशवी बदलत नाही. लाईनवाला मात्र परवा, म्हणजे मागच्या मंगळवारी, पोटरीला पट्टी बांधून आला आणि म्हणला, "कुत्रं आहे का विचारत जावा की." पोरं हसली. मी विचारलं, त्यानं तुझं काय बदलतंय? म्हणला, "वेळ बदलते. मालक घरी असताना जाईन." सातव्या प्रश्नात घातलं.